नवी चेन, जुने दात

द्रोणागिरीत कंटेनर यार्डाच्या तिसऱ्या गेटसमोर धर्माचं सायकलचं दुकान आहे. दुकान म्हणजे वर दोन पत्रे, एक पंप, पंक्चर बघायची पाण्याची घमेली आणि सायकल उलटी टांगायला दोन हूक. यार्डातले वॉचमन, लोडिंगवाले, चहावाले, सगळ्यांच्या सायकली इथेच. तीस वर्षांत धर्माने इतक्या सायकली हाताखालून घातल्या होत्या, की चाक फिरवल्याच्या आवाजावरून तो बेअरिंगची कुठली गोळी फुटली ते सांगायचा. बढाई नव्हती ती, खरंच सांगायचा. करंजा गावच्या कोळ्याच्या पोटी जन्मून होडीत पाय ठेवला की त्याला मळमळून यायचं. त्यामुळे भावकीत त्याची आयुष्यभर टिंगल झाली, आणि सायकलीने तेवढी त्याची लाज राखली.

त्याला एकच मुलगी, मनस्वी, सतरा वर्षांची. वॉचमनच्या सायकलींवर लंगडी फेरी मारत ती शिकली आणि दोन वर्षांपूर्वी ऐरोलीच्या एका साहेबाने वापरून सोडलेली गिअरची रेसिंग सायकल तिच्या वाट्याला आली. तेव्हापासून पहाटे द्रोणागिरीच्या त्या रुंद, रिकाम्या, इमारतींची वाट बघत पडलेल्या रस्त्यांवर ती एकटी दामटत असायची. खारघरच्या ऋता मॅडमनी तिला तिथेच हेरलं. मॅडम स्वतः जुन्या सायकलपटू. त्यांनी पोरीला वेळ लावून सायकल पळवायला शिकवलं, आणि या वर्षी सांगून टाकलं की जिल्ह्याच्या निवड चाचणीत पहिल्या दोघींत ये, म्हणजे राज्याच्या शिबिरात राहून शिकायला मिळेल. अठराच्या आतल्या मुलींच्या गटातली ही मनस्वीची शेवटची चाचणी. पुढच्या वर्षी मोठ्या बायांच्या गटात तिला कोण विचारणार होतं? आई चंदा उरणच्या बाजारात मासे विकायची, आणि तिचं म्हणणं साधं होतं. शिबिर मिळालं तर जा. नाही मिळालं तर यार्डाच्या ऑफिसात पोरी घेतायत, तिथे लाग. मनस्वीने ते कबूल केलं होतं. वाद घालायला जागाच नव्हती.

चाचणीच्या महिनाभर आधी सायकल सटकायला लागली. सपाटीवर हळू चालवली तर काही नाही. पण मनस्वी सीटवरून उठून जोर लावायला गेली, की मागे खाडकन आवाज व्हायचा आणि पॅडल पुढे निसटायचं. धर्माच्या भाषेत याला चेन दात सोडते म्हणतात. त्याने सायकल हुकाला टांगली, हाताने पॅडल फिरवलं, एकेक गिअर टाकून बघितला आणि निकाल दिला, केबल. आठवड्यापूर्वीच त्याने गिअरची केबल नवी घातली होती. नवी केबल चार दिवसांत बसते आणि सैल पडते, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने केबलच्या टोकाचा गोल स्क्रू फिरवून ती ताणली. चांगली ताणली. साध्या सायकलच्या ब्रेकला जसा एक पीळ जास्त द्यायची सवय, तसा इथेही दिला.

गिअरच्या केबलला तो जास्तीचा पीळ चालत नाही. केबल गरजेपेक्षा ताणली की चेन मागच्या चाकाच्या आपल्या दातेरी चकतीवर सुखाने बसत नाही, शेजारच्या मोठ्या चकतीला घासत राहते आणि जोर आला की तिच्यावर चढू बघते. मनस्वी दुसऱ्या दिवशी आली ती गुडघा हँडलवर आपटून घेऊनच. मग ऋता मॅडम स्वतः दुकानात आल्या. त्यांनी तो स्क्रू अर्धा फेर उलटा फिरवला आणि कुरकुर थांबली. पण सटकणं थांबलं नाही. आता ते दोनच गिअरांत व्हायचं, बारीक बाजूकडून तिसऱ्या आणि चौथ्या चकतीवर. मनस्वी सगळी मेहनत याच दोन चकत्यांवर करायची.

मॅडमनी पोलादी पट्टी मागितली. चेनच्या बारा कड्या बरोबर बारा इंच भरायला हव्यात, म्हणाल्या. पट्टी लावली तर बारावर एक अष्टमांश इंच जास्त. धर्माने लगेच सांगितलं की एक कडी काढतो, ताठ होईल. यार्डातल्या सायकलींना तो हेच करायचा. मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. चेन सैल झालेली नाही काका, लांबली आहे, त्यांनी समजावलं. लोखंड ताणलं जात नाही, आतल्या पिनी झिजतात, प्रत्येक कडीत केसभर जागा होते. कडी काढून ती जागा जात नाही. आणि लांबलेल्या चेनने मागच्या चकत्यांचे दातही आपल्या मापाचे खाऊन ठेवलेत. तेव्हा चेन आणि मागचा चकत्यांचा गठ्ठा, कॅसेट, दोन्ही एकदम बदलायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही वस्तू आपल्याकडून पाठवल्या. वर हेही सांगितलं, की कॅसेट काढायला वेगळी हत्यारं लागतात, नसतील तर चाक घेऊन खारघरला विपुलच्या दुकानात जा, मी त्याला फोन केलाय.

विपुलचं नाव निघालं आणि तिथेच माती झाली.

दोन महिन्यांपूर्वी धर्मा त्या दुकानात चाकाच्या एका आऱ्यासाठी गेला होता, मनस्वी बरोबर होती. एसी, काचेचा दरवाजा, भिंतीवर डॉक्टरकडे असतात तशी ओळीने लावलेली हत्यारं. विपुल तिशीचा, वागायला गोड. त्याने चाक बघितलं, धर्माने हातोडीने सरळ केलेली रिम बघितली आणि मायेने म्हणाला की काका, हे काम तुमच्या लाइनचं नाही, पुढच्या वेळी थेट आणून देत जा. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पोरीसमोर म्हणाला, आणि पोरगी खाली फरशीकडे बघत राहिली. ते धर्माच्या काळजात रुतून बसलं.

चाचणी रविवारी सकाळी होती. शनिवारी दुपारी धर्माने काम हातात घेतलं. जुनी चेन उतरवून खिळ्याला लटकवली, नवी तिच्याशेजारी. दोघींच्या कड्या त्याने मोजल्या, सारख्याच, पण जुनी खाली बोटभर लांब लोंबत होती. तीस वर्षांत त्याने चेन अशी शेजारी लावून कधी बघितली नव्हती. बाईचं म्हणणं खरं होतं तर.

मग कॅसेट. ती एका गोल रिंगने आवळलेली असते आणि त्या रिंगच्या आतल्या खाचांत बसेल असंच हत्यार लागतं. ते त्याच्याकडे नव्हतं. चकत्या धरून ठेवायला त्याने लोखंडी पट्टीला जुन्या चेनचा तुकडा ठोकून जुगाड केला, तो झकास झाला. पण रिंगला काय लावणार? छिन्नी टेकवून दोन घाव घातले. रिंग हलली नाही, नुसता पांढरा ओरखडा उठला. तिसऱ्या घावाला खाचा तुटल्या तर चाकच गेलं, एवढं त्याला कळत होतं. त्याने छिन्नी खाली ठेवली.

अजून चारच वाजले होते. चाक गोणपाटात गुंडाळून तो बस थांब्यावर जाऊन उभा राहिला. खारघरची बस आली, तो चढला नाही. कंडक्टरने विचारलं, तर म्हणाला कोणाची तरी वाट बघतोय. काचेचा दरवाजा ढकलून आत जायचं, गोणपाट सोडायचं, विपुलने त्या रिंगवरचा छिन्नीचा ओरखडा बघायचा आणि गोड हसून काका म्हणायचं. दुसरी बस आली आणि तीही गेली. माणूस मोठ्या संकटात मोडत नाही, असल्या फालतू जागी मोडतो. धर्मा चाक घेऊन परत आला.

आणि मग त्याने स्वतःला पटवलं, कारण तेवढं त्याला चांगलं जमायचं. नवी चेन आहे ना? झिजली होती ती चेन, ती बदलली. साध्या सायकलच्या जुन्या फ्रीव्हीलवर नवी चेन त्याने हजारदा घातली होती, आणि गिऱ्हाइकाला दर वेळी एकच वाक्य सांगितलं होतं, की दोन दिवसांत दात धरेल. धरायचीही. वॉचमनच्या सायकलला मागे एकच चकती, मोठी. चेन तिला अर्धा वेढा घालून चाक मागे ओढून ताणलेली असते, आणि वॉचमन काही शर्यत लावत नाही. इथे लहानशा चकतीवर चेनच्या थोड्याच कड्या दातांत असतात, त्यांना धरून ठेवायला मागची स्प्रिंग तेवढी, आणि वर मनस्वीचे पाय. जुन्या चेनने खाऊन रुंद केलेल्या खोबणीत नव्या चेनच्या कड्या पुऱ्या बसतच नाहीत, जोर आला की दातावरून उडी मारतात. म्हणजे दोन्ही जुनं ठेवलं असतं तरी एक वेळ निभावलं असतं. फक्त चेन नवी घालणं हे सगळ्यांत वाईट होतं, आणि त्याने नेमकं तेच केलं.

दात त्याने निरखून बघितले, नाही असं नाही. पण गिअरच्या चकत्यांचे दात कंपनीच आखूड, तिरपे, वेडेवाकडे कापते. झिजलेला कुठला आणि मुळातला कुठला, नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्याला सगळे ठीक दिसले. चाक बसवलं, नवी चेन चढवली, टांगून फिरवलं, गिअर लोण्यासारखे पडत होते. मग तो स्वतः सायकलवर बसला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, उजवा गुडघा दुखरा. यार्डाच्या भिंतीपर्यंत जाऊन आला, उभं राहून दाबूनही बघितलं. एकदाही सटकली नाही. सटकवायला जेवढा जोर लागतो तेवढा त्याच्या पायांत नव्हताच, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

इथवर ती चूक होती. यानंतर त्याने रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश घेतला आणि जुनी कॅसेट तासभर घासली. फटीफटीतलं काळं काढलं, चकत्या चांदीसारख्या केल्या. नवी कॅसेट खोक्यासकट गोणपाटाखाली सारली. संध्याकाळी मनस्वी आली आणि चाकाकडे वाकून बघत तिने विचारलं की दोन्ही बसवलं का. तो हो म्हणाला. तिने हाताने पॅडल फिरवून बघितलं आणि खूश होऊन त्याच्या खांद्यावर थाप मारली. मॅडमचं सांगणं होतं की आदल्या दिवशी पायांना विश्रांती द्यायची, म्हणून ती सायकल हातात धरून चालत घरी घेऊन गेली.

सकाळी सहा वाजता यार्डामागच्या रस्त्यावर चाचणी सुरू झाली. पंधरा किलोमीटर, एकेकीने सुटायचं, घड्याळाशी शर्यत. वाटेत रेल्वेवरचा पूल, तो जाताना आणि येताना दोनदा चढायचा. धर्मा पुलाच्या चढाला कठड्याशी जाऊन उभा राहिला. यार्डातली त्याची चारपाच गिऱ्हाइकंही ड्युटी सोडून आली होती, आमची पोरगी म्हणत.

मनस्वी लांबून येताना दिसली तेव्हा तो सगळं विसरला. ती इतकी खाली वाकून, इतकी स्थिर येत होती की आपल्या घरात हे कुठून आलं असं त्याला वाटलं. चढ सुरू झाला. ती सीटवरून उठली, पहिला जोर लावला.

खाड.

पाय निसटला, ती छातीने हँडलवर आदळली आणि सायकल झोकांडली. ती सावरली, पुन्हा उठली. दुसऱ्यांदा तोच आवाज. हा आवाज धर्माने तीस वर्षं ऐकला होता, पण आज तो त्याच्या स्वतःच्या हाडांतून आला. तिसऱ्या वेळी ती उठलीच नाही. तिने मोठ्या, हलक्या चकतीवर चेन टाकली आणि बसूनच पाय गरगरा फिरवत चढली. त्या चकत्या कमी वापरलेल्या, त्यांनी दगा दिला नाही, पण वेगही दिला नाही. परत येताना त्याच पुलावर तिने अख्खा चढ तसाच बसून काढला. तोंड उघडं होतं आणि डोळे चाकाच्या पुढे दोन हातांवर.

ती तिसरी आली, दुसरीपेक्षा नऊ सेकंद मागे.

ऋता मॅडम तिच्याकडे धावल्या, मग पंचांकडे. मुख्य पंच बाजीराव सर हे शिस्तीचे पण मोकळे गृहस्थ होते. ही निवड चाचणी आहे, ते म्हणाले, मुलीच्या पायांची परीक्षा आहे, लोखंडाची नाही. सायकलचा भाग निकामी झाला असेल तर दुसरं चाक लावून पुन्हा पळू द्या. पण काय निकामी झालं ते अर्ध्या तासाच्या आत सांगा. मॅडमच्या गाडीत जादा चाक होतं.

बाजीराव सरांनी सायकलचं मागचं चाक उचलून पॅडल फिरवलं. चाक रेशमासारखं फिरलं, गिअर एकामागून एक पडले. विपुल आपल्या खारघरच्या मुलींबरोबर आला होता. त्याने खिशातून चेनचं माप काढून लावलं आणि चेन कोरी असल्याचं सांगितलं. मग तो चकचकीत कॅसेटवर वाकला, जरा वेळ बघत राहिला, आणि मग त्याने मॅडमकडे पाहिलं. मॅडम धर्मापाशी आल्या. मागे यार्डातले लोक उभे होते, बाजूला मनस्वी, घामाने निथळत.

"काका, कॅसेट तुम्ही बदललीत ना? जुनीच असेल तर सांगा, काही बिघडत नाही. उलट बरंच आहे. मी सरांना सांगते आणि ही पुन्हा पळेल."

एवढं सोपं होतं. मॅडमनी दार सताड उघडून दिलं होतं. धर्माला फक्त "जुनी" एवढंच म्हणायचं होतं. त्याने मॅडमकडे बघितलं, मग विपुलकडे, आणि विपुलच्या तोंडावर तीच माया होती.

"बदलली," धर्मा म्हणाला. "नवीन हाय."

शब्द तोंडातून निघाल्याबरोबर त्याला ते परत ओढावेसे वाटले. त्याने तोंड उघडलंही. पण तेवढ्यात मनस्वी बोलली.

"माझीच चूक झाली, मॅडम. चढावर दाबून गिअर टाकला मी."

मॅडम दमल्यासारख्या तिच्याकडे बघत राहिल्या. जोर असताना गिअर टाकायचा नाही हे तुला किती वेळा सांगितलं, एवढंच म्हणाल्या आणि वळल्या. धर्माला वाटलं, पोरीने आपला शब्द खरा मानला. तिला स्वतःच्याच पायांवर शंका आली. अजून वीस मिनिटं होती. ती सायकलीशेजारी रस्त्यावर बसली होती आणि त्याच्याकडे बघत होती. ते त्याला सहन होईना. तिच्यासाठी चहा आणतो म्हणून तो टपरीवर गेला आणि तिथेच बाकड्यावर बसून राहिला. आता उठतो, आता जाऊन सांगतो असं दहादा मनाशी म्हणाला. टाळ्या ऐकू आल्या तेव्हा त्याला कळलं की नावं वाचून झाली.

घरी चंदाने कितवी आली विचारलं. तिसरी, मनस्वीने सांगितलं. चंदाने तिला जवळ घेतलं, जेवायला वाढलं आणि उद्या यार्डाच्या ऑफिसात किती वाजता जायचं ते विचारलं. नऊ वाजता, मनस्वी म्हणाली. धर्मा ताट सारून उठला.

दुपारी ती मागच्या नळावर बूट धूत बसली होती. धर्मा तिच्या मागे जाऊन उभा राहिला. आता सांगून काहीही उपयोग नव्हता, आणि बहुतेक म्हणूनच त्याला सांगता आलं.

"मनू, कॅसेट जुनीच होती. नवी मी लावलीच नाय."

तिचा हात थांबला नाही. ब्रश बुटाच्या तळव्यावर फिरत राहिला.

"माहीत हाय."

"कवापासून?"

"पुलावर पहिल्यांदा सटकली तवाच. त्याच दोन चकत्या, बाबा. नवीन असती तर सटकली नसती."

धर्मा खाली बसला. मग मॅडमना का नाही सांगितलंस, त्याने विचारलं. चूक माझी म्हणून का मोकळी झालीस?

"सगळे बघत होते. तुमी नवीन हाय म्हनालात. त्यांच्यासमोर मी तुमाला खोटं पाडू?"

तिने बूट नळाखाली धरला, फेस वाहून जाईपर्यंत धरून ठेवला. मग त्याच्याकडे न बघता हळू म्हणाली,

"मला वाटलं, तुमीच सांगाल. वेळ होता अजून. म्हनून तर मी तुमच्याकडं बघत बसली होती."

तिने नळ बंद केला आणि बूट उन्हात ठेवायला ती पुढच्या दारी गेली.